बोटात रुतलेली अंगठी कशी काढलीत? अनुभव सांगा

रानजाई: काल शेजारच्या वहिनींची अंगठी सोनाराकडे कापावी लागली आणि मला आईचं बोट आठवलं. गांधीलमाशी चावली होती, अंगठी मधल्या सांध्याच्या अलीकडे अडकलेली. ओळखीच्या सिस्टरबाईंनी आधी हात डोक्याच्या वर धरायला लावला, मग थंड पाणी. नंतर रेशमी दोऱ्याचं टोक अंगठीखालून मनगटाकडे काढलं. उरलेल्या दोऱ्याचे अंगठीला चिकटून नखाच्या दिशेने सांधा ओलांडेपर्यंत घट्ट वेढे दिले, मध्ये फट नाही. मग मनगटाकडचं टोक नखाच्या दिशेने उलगडत गेल्या. वेढा सुटेल तशी अंगठी पुढे सरकायची. आई कळवळली, पण निघाली एकदाची!

बाबूराव_नाशिक: एवढं कशाला? बर्फात बोट बुडवायचं, साबण लावायचा, ओढायची.

सिस्टर_सांगलीकर: साबण ठीक, पण सरळ ओढू नका दादा, सांध्यावरची कातडी गोळा होऊन आणखी अडकते. हळूहळू फिरवत काढा. बर्फ फडक्यात गुंडाळून, थोडाच वेळ. जखम असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल तर दोरा अजिबात नको. बोट निळं-पांढरं पडलं, बधिर झालं तर घरी वेळ न घालवता कॅज्युअल्टी गाठा. नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत गुलाबी झालं नाही तर रक्त नीट पोचत नाहीये.

मीनल७: माझी जोडवी अडकलीत, दोरा चालेल का? कुकर लावलाय, नंतर वाचते.

पेढीवाला: बोट दुखत नसेल, रंग ठीक असेल तर सोनाराकडे या. कटरची पातळ पट्टी अंगठीखाली सरकवतो, वरून छोटं चाक फिरतं, कातडीला लागत नाही. चाक तापतं म्हणून थांबत थांबत कापतो. सोन्याला नंतर डाग देऊन जोडता येतं, पण माप सूज पूर्ण उतरल्यावरच घ्या. टंगस्टनची अंगठी मात्र कापत नाही, पकडीत दाबून तडकवावी लागते. ती दवाखान्यातच.

रानजाई: टंगस्टनचं माहीतच नव्हतं! भाच्याच्या लग्नात तसलीच घेतलीय.

ऋतुजा_पुणे: मला आठव्या महिन्यात अंगठी एकदम घट्ट झाली, चेहराही सुजला, डोकं दुखत होतं. वहिनी म्हणाल्या, गरोदरपणात होतंच. तरी डॉक्टरांकडे गेले, बीपी वाढलेलं निघालं. तेव्हा अंगठीचं नंतर, आधी बीपी बघा गं.

सिस्टर_सांगलीकर: अगदी बरोबर केलंस ऋतुजा. आणि हाताला मार लागला की सूज चढायच्या आधीच अंगठ्या काढा. मीनल, पायाचं बोट आखूड, वेढ्याला जागा कमी. रंग ठीक असेल तर सोनाराला दाखव.

बाबूराव_नाशिक: आईची कातडी वयानं कागदासारखी झालीय. तिला दोरा कितपत सोसेल?

मीनल७: आमची आजीपण तशीच. कुणी केलंय का?