मदत हवी आहे: माल संपला, यादीतल्या गिऱ्हाइकांना काय लिहू?

म्हापशाला आमचा घरगुती उद्योग आहे. यंदा मानकुराद आंब्याची साटं 150 पाकिटंच केली, ती हातोहात गेली. विचारणाऱ्यांची रांग अजून चालूच आहे. 'माल संपला, क्षमस्व' एवढंच कळवलं तर माणूस खट्टू होतो, म्हणून हा मसुदा केलाय:

'नमस्कार. यादीत तुमचा क्रमांक 37. साटं आम्ही उन्हातच वाळवतो, त्यामुळे पाऊस लागला की काम थांबतं. पुढची खेप मे महिन्यात, साधारण 150 पाकिटं. विक्री खुली होण्याच्या आदल्या दिवशी लिंक पाठवू आणि एक पाकीट 24 तास तुमच्या नावावर राखू. आत्ता पैसे नकोत.'

मुलगा म्हणतो, 'त्वरा करा, संधी हुकेल' घाल. पण विकायला काही नसताना कसली त्वरा? उलट लोक चिडतील.

अडलंय ते क्रमांकापाशी. 37 वाल्याला तो वाचून बरं वाटेल, पण 163 वाल्याला? त्याला 'कुणी पाकीट सोडलं तरच तुमची पाळी' असं स्पष्ट लिहू, की क्रमांकच गाळू? शिवाय मे उजाडेपर्यंत लोक विसरतील. एप्रिलमध्ये ताटात पसरलेल्या रसाचा एखादा फोटो पाठवला तर चालेल, की कटकट वाटेल? अनुभवी मंडळींनी सांगा.