प्रतिसाद: धर्मकोशात कर्जाचे खटले कसे?

“धर्म म्हणजे रिलिजन आणि कर्म म्हणजे केल्याची शिक्षा, एवढंच ना?” या प्रश्नाला हा प्रतिसाद.

धर्माचं उत्तर आपल्या साताऱ्यातच आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने प्रसिद्ध केलेल्या धर्मकोशात, म्हणजे धर्मशास्त्रातल्या जुन्या वचनांच्या संग्रहात, ‘व्यवहारकांड’ नावाचा भाग आहे. व्यवहार म्हणजे न्यायालयातला वाद. मनुस्मृतीत अशा वादांचे अठरा विषय दिलेत आणि पहिलाच आहे ऋणादान, म्हणजे घेतलेलं कर्ज परत न करणं. पुढे ठेव, भागीदारी, शेताची हद्द येते. रिलिजन म्हटलं की यातलं काहीच डोळ्यांसमोर येत नाही. धर्म ‘धृ’ धातूपासून आला, धारण करणं. बांध हलवू नये हाही धर्मच. पंथ हा अर्थ नंतर ठळक झाला, आणि आपणही फॉर्मवर ‘धर्म’ या रकान्यात तोच भरतो. पण ‘पाण्याचे गुणधर्म’, ‘शेजारधर्म’ म्हणताना जुना अर्थ तोंडात असतोच.

कर्म ‘कृ’पासून, म्हणजे केलेली कृती, वैदिक वाङ्मयात बहुधा यज्ञकर्म. कृतीचं जे येतं ते ‘फळ’ किंवा ‘विपाक’, हे शब्द वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्ही एकाच ‘कर्मा’त कोंबले. माझा भाचा सांगलीत कुणी आडवी गाडी घातली आणि पुढे तीच पंक्चर झाली की ‘कर्मा!’ म्हणतो. खरं तर आडवी घालणं हे कर्म, पंक्चर फार तर फळ. आपलं ‘कर्म माझं!’ही नशिबाकडे झुकतं, पण ‘कर्माची फळं’ म्हणताना आपण दोन्ही नीट वेगळं ठेवतो.