मदत हवी आहे: दोन प्लेटच्या सांध्याचं तापमान जुळत नाही (सोमवारच्या आत!)

भोसरी_जॉबवर्क
वर अ‍ॅल्युमिनियमची २५ मिमी प्लेट, खाली एसएस ३०४ ची २० मिमी, बोल्टने आवळलेल्या. वर हीटर, खाली पाण्याचं जॅकेट. सगळं स्थिरावल्यावर अ‍ॅल्युमिनियमची वरची बाजू १५०, एसएसचा तळ ८२. पार्टीला मधल्या सांध्याचं तापमान हवंय, तिथे सेन्सर जात नाही. अ‍ॅल्युमिनियमचा k २३७, एसएसचा १६ धरून गणित केलं, सांधा १४५ आला. पण त्याच गणिताने उष्णता साडेचार किलोवॅट येते आणि मी तेवढी देतच नाही. चूक कुठे आहे ते सांगा, थिअरी नको.

सदाशिव_पेठी
क्षेत्रफळ न सांगता किलोवॅट कसे काढलेत? आणि "देत नाही" म्हणजे किती देता? हीटरवर छापलेला आकडा सांगू नका.

भोसरी_जॉबवर्क
३०० बाय ३०० ची प्लेट आहे हो. डिमरस्टॅट एका जागी ठेवून मीटर बघितला, अर्ध्या तासात १.८ युनिट. म्हणजे ३.६ किलोवॅट.

फायनल_इयर_मेक
सोपं आहे. आमच्या लॅबमध्ये कंपोझिट वॉलच्या प्रयोगात हीटर मधोमध असतो, उष्णता दोन्हीकडे जाते, म्हणून Q भागिले दोन करायचं. तुम्ही ते विसरलात.

भोसरी_जॉबवर्क
माझा हीटर एकाच बाजूला आहे. त्याच्या डोक्यावर चार इंच ग्लासवूल आहे.

फायनल_इयर_मेक
मग ग्लासवूलमधून गळती होत असेल.

सदाशिव_पेठी
अहो, गळती असेल तर प्लेटमधून ३.६ पेक्षा कमीच जाणार. गणित म्हणतंय साडेचार जाते. गळतीने घोळ वाढतो, मिटत नाही.

टर्नर_काका
k बदला. २३७ हा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा. बाजारात मिळते ती एचई-३०, तिचा १७० च्या आसपास. चूक तिथेच आहे, पैज लावा.

निवृत्त_हीट_ट्रान्सफर
काका, k तुम्ही बरोबर पकडलात, पण पैज हराल. १७० धरला तर अ‍ॅल्युमिनियमचा रोध दर चौरस मीटरला ०.००१०५ नव्हे, ०.०००१०५ वरून ०.०००१५ होतो (शून्य मोजताना माझाही चष्मा लागतो). एसएसचा एकट्याचा ०.००१२५ आहे, त्यापुढे हा फरक किरकोळ. साडेचारचे फार तर चार पॉइंट चार होतील.

मूळ चूक अशी की तुम्ही सांध्याला एकच तापमान दिलंत. दोन प्लेट फक्त उंचवट्यांवर टेकतात, मधल्या फटीत हवा असते. सांध्याला दोन तापमानं असतात, वरच्या प्लेटचं वेगळं आणि खालच्या प्लेटचं वेगळं.

आता उलटीकडून या. ३.६ किलोवॅट भागिले ०.०९ चौ.मी. म्हणजे ४०,००० वॅट दर चौ.मी. अ‍ॅल्युमिनियममध्ये ६ अंश उतरतात, म्हणून त्याची खालची बाजू १४४. एसएसमध्ये ५० उतरतात, म्हणून ८२ अधिक ५०, त्याची वरची बाजू १३२. मधले १२ अंश सांध्याने खाल्ले. १२ भागिले ४०,००० म्हणजे ०.०००३, हा तुमचा संपर्क रोध. असल्या कोरड्या सांध्यात एवढा असू शकतो.

भोसरी_जॉबवर्क
म्हणजे पार्टीला १४४ सांगू की १३२?

निवृत्त_हीट_ट्रान्सफर
त्यांना कुठल्या प्लेटचं हवंय ते विचारा. घाईत सरासरी मात्र काढू नका, १३८ अंश तिथे कुठल्याच धातूला नसतो.

कोथरूडची_सुमेधा
विषय भिंतीचा आहे म्हणून विचारते. आमची पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये रात्री दहापर्यंत तापलेली असते. प्लास्टर आणि विटेमध्ये फट असल्याने होत असेल का?

सदाशिव_पेठी
नाही हो ताई. नऊ इंची विटेचा स्वतःचाच रोध ०.३ च्या घरात. सांध्याचा ०.०००३ धरला तर हजारावा हिस्सा. इथे धातूच्या प्लेट आहेत म्हणून तो दिसतोय. तुमच्या भिंतीवर दुपारी सावली कशी येईल ते बघा.

पीसी_डॉक्टर_पुणे
एवढी चर्चा कशाला? थर्मल पेस्ट लावा, प्रश्न संपला. मी रोज प्रोसेसरवर लावतो.

टर्नर_काका
दीडशे अंशाला तुमची ती ट्यूब वाळून पापड होईल.

पीसी_डॉक्टर_पुणे
चांगली सिलिकॉन ग्रीस दीडशेला टिकते. स्वस्त आणू नका एवढंच.

निवृत्त_हीट_ट्रान्सफर
टिकेल. पण त्यांनी तापमान कमी कसं करू असं विचारलेलं नाही. आणि डिमरस्टॅट तसाच ठेवून ग्रीस लावली तर एसएसची वरची बाजू १३२ च राहील, कारण तेवढीच उष्णता तेवढ्याच एसएसमधून जाते आणि तळ पाण्याने धरलेला आहे. उतरेल ते अ‍ॅल्युमिनियम, सगळं अकरा-एक अंशांनी. पुष्कळांना वाटतं की खालची प्लेट जास्त तापेल. ते थर्मोस्टॅट वरच्या प्लेटला १५० वर धरून ठेवत असेल तर.

यातून एक फुकटची परीक्षा मिळते. पॉवर न हलवता बोल्ट आणखी आवळा. वरची बाजू उतरली आणि तळ जागच्या जागी राहिला, तर दोषी सांधाच.

सदाशिव_पेठी
सर, एक शंका. ०.०००३ ही एकूण रोधातून प्लेटचे रोध वजा करून उरलेली शिल्लक आहे. बाजूने ५ टक्के गळती असेल तर उष्णता ३८,००० होते आणि शिल्लक ०.०००३९ वर जाते. पाच टक्क्यांच्या चुकीने उत्तर तीस टक्के हलतं. एवढ्या भरवशावर पार्टीला लिहून द्यायचं?

निवृत्त_हीट_ट्रान्सफर
मान्य. म्हणून हीटरवर विसंबू नका, एसएस प्लेटलाच मीटर करा. बाजूने दोन बारीक भोकं पाडा, सांध्यापासून ५ आणि १५ मिमीवर, थर्मोकपल मधोमध पोचतील इतकी खोल. दोन्हींतल्या फरकावरून उष्णता काढा आणि तीच रेषा ५ मिमी वर वाढवा. अ‍ॅल्युमिनियममध्ये हा उद्योग नको, तिथे अख्ख्या जाडीत सहाच अंश आहेत, थर्मोकपलची चूकच त्यातला मोठा वाटा खाईल.

आधी दोन्ही थर्मोकपल एकाच उकळत्या पाण्यात बुडवा. दोन्हींनी सारखंच दाखवायला हवं. आणि १०० आलं नाही म्हणून घाबरू नका, पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं.

भोसरी_जॉबवर्क
काल रात्री केलं. उकळत्या पाण्यात दोन्ही ९८. बोल्टना हात न लावता चालवलं: ५ मिमीवर ११९, १५ मिमीवर ९५.

निवृत्त_हीट_ट्रान्सफर
१० मिमीत २४ अंश, म्हणजे ३८,४००. अजून ५ मिमीचे १२ मिळवा, एसएसची वरची बाजू १३१. अ‍ॅल्युमिनियमची खालची १४४. मधे १३, रोध ०.०००३४. तुमची गळती चार टक्के निघाली. खाली १२ वजा केले तर तळ ८३ येतो, तुम्ही ८२ मोजलाय. ठीक जमलं.

भोसरी_जॉबवर्क
मग बोल्टही आवळले. वरची बाजू १४६ झाली, तळ ८२ च. पण प्लेटच्या कोपऱ्याजवळ तिसरं भोक होतं, तेही ५ मिमीवर. तिथे १२३ दाखवतंय. मधोमध ११९. हे काय आता?

टर्नर_काका
बोल्ट किती, कुठे? हे आधी सांगायला नको?

भोसरी_जॉबवर्क
चार, कोपऱ्यात. एम ८.

टर्नर_काका
मग मधे फुगणारच. अ‍ॅल्युमिनियम एसएसपेक्षा जास्त पसरतं आणि तुम्ही त्याला चार कोपऱ्यांत जखडलंय. मधल्या भागाला पाचवा बोल्ट द्या.

सदाशिव_पेठी
किंवा कोपऱ्याच्या भोकाची खोली चुकली असेल. एसएसमध्ये एक मिमी वर-खाली झालं की अडीच अंश फरक पडतो. आधी भोक मोजा, मग प्लेटला दोष द्या.

फायनल_इयर_मेक
किंवा कोपऱ्याखाली जॅकेटचं पाणी नीट फिरत नसेल?

भोसरी_जॉबवर्क
भोक मोजायला प्लेट उघडावी लागेल. उघडली की सांधा पुन्हा पहिल्यासारखा बसेल का?

निवृत्त_हीट_ट्रान्सफर
नाही बसणार. तूर्त पार्टीला बोल्ट आवळण्याआधीचेच आकडे द्या, मधोमधचे, १४४ आणि १३१, आणि चार बोल्ट कोपऱ्यात होते हे कागदावर लिहा. प्लेट सोमवारनंतर उघडा.