सी-४०२ च्या गॅलरीतली गणपतीची लायटिंग

सी-४०२ (भाडेकरू): नमस्कार सगळ्यांना. या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदाच गणपती बसणार आहेत. गॅलरीला बाहेरून लायटिंग करायची आहे. घरमालक काकू पुण्याला असतात, त्यांना एवढंच पाठवू का? "काकू, गणपतीत गॅलरीला लायटिंग लावली तर चालेल ना? काही नुकसान होणार नाही."

सेक्रेटरी काका: लायटिंग जरूर करा, पण पत्र असं नको. काकू "हो" म्हणाल्या तरी नेमकं कशाला हो म्हणाल्या ते कुणालाच कळणार नाही. आणि एक लक्षात घ्या. गॅलरी तुमच्या ताब्यात आहे, बाहेरची भिंत सोसायटीची. माळा भिंतीवरून खाली सोडणार असाल तर काकूंची परवानगी पुरणार नाही, कमिटीकडे वेगळा अर्ज लागेल.

सी-४०२: नाही काका, फक्त कठड्यालाच. चार माळा, मंगळबाजारातून आणणार आहे.

बी-२०३ काकू: खिळे नको हं मारू. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी चिकटवायचे हुक लावले होते, काढताना रंगाचे पापुद्रे निघाले.

ए-१०१ काका: खिळ्यांपेक्षा मला कठड्याची काळजी आहे. आपले कठडे लोखंडी आहेत आणि गणपतीत बडोद्यात पाऊस असतोच. स्वस्त माळेत घरातला २३० व्होल्टचा प्रवाह थेट बारीक वायरीतून जातो. लखलखाटाची डबी असते ना, ती दिवे चालू-बंद करते, व्होल्टेज कमी करत नाही. वायर कठड्याला घासून सोलली की अख्खा कठडा जिवंत होऊ शकतो. कपडे वाळत घालायला गेलेल्या माणसाला ते दिसणार कसं?

सी-४०२: पण एमसीबी पडेल ना?

ए-१०१ काका: नाही पडणार बेटा, हीच गैरसमजूत सगळीकडे असते. एमसीबी शॉर्टसर्किट झालं किंवा लोड फार वाढला तरच पडतो. माणसाचा जीव जायला लागणारा करंट त्याला जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी लागतो. बोर्डात बघ, "टी" लिहिलेलं छोटं बटण असलेला स्विच आहे का. आणि माळ अ‍ॅडॅप्टरवाली घे. अ‍ॅडॅप्टर घरात, बाहेर फक्त कमी व्होल्टेज. खोक्यावर आयपी ४४ किंवा त्याहून वरचा आकडा हवा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, ती माळ देवासमोर मखराला लाव.

डी-३०१ दादा: वायर खिडकीतून आत घेताना बाहेर थोडा झोळ ठेवा. पाणी तिथून खाली ठिबकतं, नाहीतर वायरीवरून ओघळत थेट प्लगपर्यंत येतं. खिडकीची काचही वायरीवर दाबून बंद करू नका.

सी-४०२: आता हे कसं वाटतंय?

"आदरणीय काकूंना सा. न.

या वर्षी आम्ही गणपती बसवत आहोत. १३ सप्टेंबर ते २५ सप्टेंबर २०२६ या काळात गॅलरीच्या कठड्याला आतल्या बाजूने एलईडीच्या चार माळा लावण्याची परवानगी हवी आहे. २६ तारखेला सकाळी काढून घेऊ.

माळा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधू. खिळा, ड्रिल, चिकटपट्टी काही नाही. बाहेरच्या भिंतीला हात लावणार नाही. माळा अ‍ॅडॅप्टरच्या आणि आयपी ४४ च्या असतील, प्लग हॉलमध्येच राहील. एक माळ ८ वॅटची, म्हणजे चार मिळून ३२ वॅट. संध्याकाळी ६ ते ११ लावल्या तर तेरा दिवसांत साधारण दोन युनिट होतात. ती आमच्याच मीटरवर पडतील.

बोर्डात ईएलसीबी आहे का ते लावण्याआधी बघून कळवते. रंगाला किंवा कठड्याला काही झालं तर दुरुस्त करून देऊ. आत्ताच्या कठड्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली नम्र,
सी-४०२"

सेक्रेटरी काका: हे बरोबर आहे. काढायची तारीख घातलीत ते फार चांगलं केलंत.

ई-१०४ भाऊ: पण ताई, नवरात्र आणि दिवाळीपर्यंत राहू दे ना. परत चढवण्याचा त्रास कशाला?

ए-१०१ काका: नको. उन्हापावसात राहून वायरीचं प्लॅस्टिक कडक होतं, मग बांधलेल्या जागी तडकतं. काढून, बघून, पुन्हा लावावी. आणि काकूंना तारीख दिली आहे ती पाळावी.

सी-४०२: पत्र पाठवलं. बोर्डही बघितला, फक्त एमसीबी आहेत. "टी" बटण कुठेच नाही. तेही काकूंना कळवते.

सी-४०२: काकूंचा मेसेज आला, जसाच्या तसा टाकते: "बाप्पा येताहेत, आनंद वाटला. परवानगी आहे. पण ईएलसीबी आधी, माळा नंतर. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घे, बिल मला पाठव आणि भाड्यातून वळते कर. तो घराचा खर्च आहे, तुझा नाही."

बी-२०३ काकू: किती छान! खरंच घरमालक असावा तर असा.

ए-१०१ काका: बसवल्यावर "टी" बटण दाबून बघ. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच वेळी इलेक्ट्रिशियनला सांग, पैसे नंतर दे. मी येतो हवं तर.

सी-४०२: या ना काका. शनिवारी दुपारी तो येणार आहे.

सेक्रेटरी काका: पत्राची आणि काकूंच्या उत्तराची एक-एक प्रत मला द्या, फाइलला लावतो.