राहू संपून गुरू लागताना वर्षभर हात बांधून बसायचं?

मूळ पोस्ट : राहूची महादशा संपायला चार महिने उरलेत, पुढे गुरू. दुकान काढायचंय, पण दशासंधीच्या, म्हणजे एक महादशा संपून दुसरी लागण्याच्या, अलीकडे-पलीकडे सहा-सहा महिने नवं काही करू नये, हा अनुभवसिद्ध नियम आहे. मोडला ते पस्तावले.

गंगावेशकर : संधीची तारीख कुठून आणलीत, ते आधी सांगा. माझ्याकडं आलेली एक पत्रिका घ्या. रोहिणी नक्षत्र, जन्मवेळी चंद्राच्या महादशेची 5 वर्षं शिल्लक. मग मंगळ 7, राहू 18, म्हणजे तिसाव्या वर्षी गुरू. जन्मवेळ अर्धा तास इकडं-तिकडं झाली की संधी अडीच महिने सरकते. वर्ष 365 ऐवजी 360 दिवसांचं धरलं की तीच पाच महिने आधी येते. लाहिरी सोडून रामन अयनांश घेतला तर वर्षापेक्षाही जास्त आधी. मग कुलूप नेमकं कधी लावायचं? मी आधी मागची संधी ताडून बघतो. या मुलाला बाराव्या वर्षी राहू लागला, त्याच सुमारास वडिलांची बदली होऊन शाळा, गाव सगळं बदललं. तारीख जुळली, मगच पुढचं बोललो. तेही राहूतल्या शेवटच्या, मंगळाच्या अंतर्दशेवर, कारण ती एक वर्ष अठरा दिवस चालते. जन्माचा मंगळ कुठं बसलाय आणि येणारा गुरू बळकट आहे की नाही, हे न बघता संधी वाईट म्हणणं म्हणजे आळस.

मूळ पोस्टवाले : मंगळ-राहू, राहू-गुरू, शुक्र-रवी या तीन संधी वाईटच मानतात. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही.

गंगावेशकर : मानतात, पण मुख्यतः दक्षिणेत, आणि तेही लग्न जुळवताना, दोघांच्या संधी एकाच सुमारास येऊ नयेत म्हणून. तुम्ही तो नियम दुकानाच्या उद्घाटनाला लावलात.

शाहूपुरीची काकू : लग्नाचंच बोला! माझ्या लेकीचं जमलेलं स्थळ याच संधीपायी मोडलं. जन्मवेळ तरी खरी होती का? नर्सबाईंनी बाळाला पुसून, गुंडाळून, मग भिंतीकडं बघून वेळ लिहिली. ते घड्याळ दहा मिनिटं पुढं, हे मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

मूळ पोस्टवाले : जन्मवेळ म्हणजे पहिलं रडणं.

काकू : माझी रडलीच उशिरा, चापटी मारल्यावर. तोवर काय ती जन्मली नव्हती?

गंगावेशकर : कुणी डोकं बाहेर आल्याची वेळ धरतं, कुणी नाळ कापल्याची. यावर आमच्यातच एकमत नाही.

कागलचा गुळवाला : ऐन हंगामात संधी आली तर काय काहील उतरवून ठिवायची व्हय? माझी शनी-बुध संधी गुऱ्हाळातच गेली. त्या साली गूळ पिवळाधमक आलता.

मूळ पोस्टवाले : एका काहिलीवरून शास्त्र ठरत नाही.

गुळवाला : आन् चार पस्तावलेल्यांवरनं ठरतंय?

मूळ पोस्टवाले : बरं, तुम्ही सगळे वराहमिहिर. जन्मवेळ परत तपासतो, आईला विचारून. दुकान मात्र दिवाळीनंतरच.

काकू : आईला घड्याळाचंही विचारा.