तेलाचं पाकीट किती दिवस पुरतं? फल्ली, सूर्यफूल, मोहरी की ब्लेंडेड

आर्वीकडची सून
आमच्या घरी पाच खाणारे. तीन महिन्यांपासून तेलाचं पाकीट फोडलं की कॅलेंडरवर फुली मारते, संपलं की दुसरी. गावातल्या दुकानात एका पाकिटाचा भाव असा: सूर्यफूल 145, ब्लेंडेड 152, मोहरी 185, फल्ली 190. सूर्यफुलाचं पाकीट साडेपाच दिवसांत संपते, ब्लेंडेड सहा दिवस, फल्ली सात दिवस. मोहरीचं एकच आणलं होतं, ते पंधरा दिवस पुरलं! मग स्वस्त कोणतं समजायचं? सासूबाई म्हणतात फल्लीच परवडते. सासरे म्हणतात, पाकिटांचा नाद सोडा, एक पिपा आणून टाका.

निवृत्त मास्तर, दारव्हा
सासूबाईंचं बरोबर आहे. फल्ली तेल अंगानं जड असतं, त्यामुळे कमी लागतं. सूर्यफूल पाण्यासारखं पातळ, पळीतून धो-धो पडतं. आमच्या आईच्या काळी घरात फल्ली नाहीतर जवस, तिसरं तेल माहीत नव्हतं आणि महिन्याचं तेल महिनाभर पुरायचं. आणि ब्लेंडेड म्हणजे सरळ भेसळ. घरात आणूच नका.

किराणावाला
मास्तर, पळीतून धो-धो पडतं हे खरं असेल, पण वजनानं सगळी तेलं जवळपास सारखीच. एक लिटर म्हणजे 910 ग्रॅम धरा, दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे. ताई, तुम्ही आधी एक करा. सूर्यफुलाचं रिकामं पाकीट उकिरड्यावर गेलं नसेल तर उलटं करून बारीक अक्षरातलं निव्वळ वजन वाचा. मग बोलू.

आर्वीकडची सून
वाचलं. 850 ग्रॅम! बाकीच्या तिन्हींवर 1 लिटर आणि 910 ग्रॅम दोन्ही लिहिलं आहे. पाकीट दिसायला अगदी तेवढंच आहे हो.

किराणावाला
दिसणारच. आधी तेलाची पाकिटं ठरावीक मापातच विकावी लागायची. पुढे नियम बदलला, तेव्हापासून 850, 870, 800, कोणतंही वजन भरता येतं. त्यात लबाडी नाही, वजन छापलेलं असतं, फक्त कोणी वाचत नाही. आता हिशेब करा. 145 भागिले 850, गुणिले 910. लिटरला 155 रुपये येतात. म्हणजे जे तेल तुम्हाला ब्लेंडेडपेक्षा सात रुपयांनी स्वस्त वाटत होतं ते तीन रुपयांनी महाग आहे. तुमचं पाकीट अर्धा दिवस आधी का संपतं तेही यातच आलं. सहा दिवसांच्या मापात साठ ग्रॅम कमी भरलं की जवळजवळ तेवढाच फरक पडतो.

पाकिटावर एका ग्रॅमचा भाव छापतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. एकावर ग्रॅमचा भाव, दुसऱ्यावर लिटरचा, आणि दोन्ही छापील किमतीवर काढलेले. दुकानात तुम्ही त्याहून कमी देता. घरी वजनावरून काढलेला भावच खरा.

ब्लेंडेडबद्दल मास्तरांचं मला पटलं नाही. भेसळ म्हणजे न सांगता मिसळणं. ब्लेंडेडमध्ये दोन तेलं असतात, दोन्हींपैकी कोणतंही वीस टक्क्यांहून कमी नसतं, नाव आणि टक्केवारी छापावी लागते, अॅगमार्क लागतो, आणि ते सुटं विकता येत नाही. तक्रार करायचीच तर अशी करा की समोर महाग तेलाचं नाव मोठं दिसतं आणि मागे तेच वीस टक्के निघतं. ताई, तुमच्या पाकिटावर काय आहे?

आर्वीकडची सून
सोयाबीन 80, सूर्यफूल 20.

निवृत्त मास्तर, दारव्हा
म्हणजे 152 रुपयांत सोयाबीनच घेतलं ना! आपल्याच शेतातलं सोयाबीन भाव नाही म्हणून पडून आणि त्याचंच तेल फुलाच्या नावानं घ्यायचं. भेसळ शब्द मागे घेतो. महागडं सोयाबीन म्हणतो.

किराणावाला
हे मान्य. माझ्याकडे साधं सोयाबीन त्याहून स्वस्त आहे. ब्लेंडेड घ्यायचं तर सोबत साध्या सोयाबीनचा भाव विचारूनच घ्या.

वरूडचा कास्तकार
मले एक समजत नाही, तेल इकत आनाव कशाले? आमच्या घरची फल्ली हाय. दाने काढाचे, घानीवर न्याचे, अडीच किलो दान्यात किलोभर तेल पडते. वरून ढेप भेटते ते गायीले. तेल फुकट, ढेप फुकट. ते पाकिटाचे ग्रॅम मोजत बसा तुमी.

किराणावाला
दादा, फुकट कसं? तेच अडीच किलो दाणे बाजारात नेले असते तर पैसे आले असते ना. दाण्याचा भाव गुणिले अडीच, त्यात घाणीची मजुरी, त्यातून ढेपीचे पैसे वजा, ही तुमच्या तेलाची किंमत. पाकिटापेक्षा महागच पडेल बहुतेक.

वरूडचा कास्तकार
पडू दे न महाग. घरचं तेल कोन मोजते? गोळाभातावर वरून ओतलं का खोलीभर वास येते. तुमच्या पाकिटाच्या फल्लीले वासच नाही.

किराणावाला
वासाचं अगदी खरं. पाकिटातलं फल्ली तेल रिफाइंड असेल तर वास काढलेलाच असतो. त्यावर वाद नाही.

सुट्या तेलाची गिऱ्हाईक
घाणीचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्याकडे घाणीवर 250 रुपये, पण तो किलोचा भाव. मी पाकिटाच्या 190 शी ताडून पाहायची आणि साठ रुपये जास्त म्हणून सोडून द्यायची. किलोचं लिटर केलं तर 227 निघाले. फरक साठचा नाही, सदतीसचा. तरी महागच आहे. आणि खाली गाळ बसतो. बाटली दोन दिवस न हलवता ठेवली की बोटभर तरी दिसतो, आणि तो तेलाच्याच वजनात मोजलेला असतो. तो गाळ फोडणीत गेला तर करपतो आणि तेल फेसाळतं.

आर्वीकडची सून
पण माझ्या मूळ फुल्यांचं काय? फल्लीच्या पाकिटातही 910 ग्रॅम, ब्लेंडेडच्याही 910. एक सात दिवस गेलं, एक सहा.

खानावळवाल्या काकू, पुलगाव
मी सांगते. वीस वर्षं झाली डबे करते. महाग तेल डब्यात ओतलं की बाईचा हात आपोआप आखडतो. फल्ली आणली की भरल्या वांग्याला दोन पळ्या, स्वस्त तेल असलं की तीन. तेलात काही फरक नाही, हात बदलतो. खोटं वाटत असेल तर फल्ली ब्लेंडेडच्या बरणीत ओता, घरात कुणाला सांगू नका आणि दिवस मोजा. पुन्हा सणाच्या आठवड्यात मोजू नका. ज्या आठवड्यात भजी नाहीत, पुऱ्या नाहीत, तोच आठवडा धरा. एकेका तेलाची तीन-तीन पाकिटं तरी जाऊ द्या, एका पाकिटावरून काही कळत नाही.

तळणाची गोष्ट मात्र वेगळी, तिथे सासूबाई खरंच जिंकतात. कढईत किलोभर तेल घालून पुऱ्या तळल्या तर पुऱ्या पितात ते कोणत्याही तेलात सारखंच म्हणा. प्रश्न उरलेल्याचा असतो. फल्लीचं उरलेलं मी गाळते आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरून टाकते. सूर्यफुलाचं लवकर बिघडतं. पाच-सहा घाण्यांनंतर कढईच्या काठावर पिवळा चिकट थर बसतो, नखानं खरवडावा लागतो. तेल जाडसर होतं, वास बदलतो. ते टाकूनच द्यावं लागतं. ज्या घरी आठवड्याला तळण आहे त्या घरी पाव लिटर फेकलं तर लिटरच्या भावातली बचत गेली. सूर्यफूल रोजच्या फोडणीला ठेवा आणि कढईला फल्ली.

निवृत्त मास्तर, दारव्हा
म्हणजे मी बोललो ते शेवटी खरंच निघालं. फल्ली जास्त पुरते.

खानावळवाल्या काकू, पुलगाव
मास्तर, जड आहे म्हणून नाही. कढईत टिकते म्हणून. आणि तीही किती वेळा? काळी पडली, धूर लवकर निघायला लागला की फल्लीही फेका.

बल्लारपूरची
मोहरीचं पाकीट पंधरा दिवस पुरलं ते घरात कुणी खाल्लं नाही म्हणून ना, ताई? खरं सांगा. आमच्या शेजारी उत्तरेकडची मंडळी आहेत, त्यांच्याकडे लिटर पाच दिवस जात नाही. त्यांनी शिकवलं. मोहरीचं तेल आधी धूर निघेपर्यंत तापवायचं, गॅस बंद करून थोडं निवू द्यायचं, मग फोडणी. नाकात जाणारा झणका निघून जातो. वांगं-बटाट्याला छान लागते. पण झुणक्याला मला अजून नाही जमलं.

आर्वीकडची सून
हो. दोन भाज्या केल्या, पोरांनी ताटं सरकवली. उरलेलं लोणच्याला आणि यांच्या गुडघ्याला गेलं.

मोर्शीचा भाऊ
पिप्याचं कोणी बोललंच नाही. मी फसलो ते सांगतो. दुकानात सूर्यफुलाचे दोन पिपे शेजारी होते, एक 2280, एक 2430. दीडशे वाचले म्हणून पहिला उचलला. घरी आल्यावर पाहतो तर तो 15 लिटरचा, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर थोडा. दुसरा 15 किलोचा होता. किलोचा भाव काढला तर मी घेतलेला 167 आणि न घेतलेला 162.

म्हणून पुढच्या वेळी शहाणपणानं 15 किलोचा आणला, एप्रिलमध्ये. टिनाचं छप्पर, पिपा खिडकीपाशी, तोंडावर नुसती वाटी उपडी. जूनअखेर शेवटचं तीनेक किलो खवट झालं, पोळीला लावलं की घशात खवखव. 2430 रुपयांत खाल्लं बारा किलो. किलोला दोनशेच्या वर गेलं. तुमचं ते 850 ग्रॅमवालं पाकीटही किलोला 170 पडते.

किराणावाला
पाच माणसांचं तुमचं पाकीट सहा दिवस जातं, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. पंधरा किलोला शंभर दिवस. पावसाळा-हिवाळ्यात चालून जाईल, उन्हाळ्यात उघडा पिपा शंभर दिवस ठेवू नका. दोन घरांनी मिळून घ्या, पहिल्या दिवशीच काट्यावर मोजून वाटा आणि काठोकाठ भरलेल्या बरण्यांत अंधारात ठेवा.

वरूडचा कास्तकार
वाटनी करतानी पिप्याच्या तळाले राहते ते कोनाचं?

आर्वीकडची सून
जाऊबाई कबूल झाल्यात, तळाचं त्यांचं. सासऱ्यांना फक्त पिपा दिसला पाहिजे. फल्लीचं एक पाकीट कढईसाठी वेगळं आणलं आणि कालपासून ब्लेंडेडच्या बरणीत गुपचूप फल्ली भरली आहे. सासूबाई आज जेवताना म्हणाल्या, हे तेल काही खास नाही.