वायू पुढेच जात असेल तर धक्का कसा?

"रॉकेटचा वेग वायूच्या वेगापेक्षा जास्त झाला, की वायूसुद्धा पुढेच जातो. मग रॉकेटला पुढे धक्का कसा बसणार?"

वायू पुढेच जातो हे खरं आहे, पण त्याची दिशा इथे बघायचीच नाही. बघायचं ते एवढंच, की दर सेकंदाला त्याचा संवेग किती बदलला. अपोलोच्या सॅटर्न-५ चा तिसरा टप्पा घ्या. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून चंद्राकडे निघताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७,८०० मीटर होता. इंजिन सेकंदाला साधारण २१० किलो इंधन आणि ऑक्सिजन जाळायचं आणि वायू रॉकेटच्या तुलनेत ४,२०० मीटर वेगाने मागे सुटायचा. म्हणजे पृथ्वीच्या संदर्भात तो वायू अजूनही ३,६०० मीटर वेगाने पुढेच चाललेला. पण जळण्याआधी तेच २१० किलो टाकीत ७,८०० च्या वेगाने पळत होते! आधीचा संवेग २१० × ७,८०० = १६.३८ लाख, नंतरचा २१० × ३,६०० = ७.५६ लाख. सेकंदाला ८.८२ लाखांची घट झाली, तेवढाच संवेग उरलेल्या रॉकेटला मिळाला, म्हणून रेटा ८.८२ लाख न्यूटन.

आता सरळ २१० × ४,२०० करून बघा, उत्तर तेच येतं, कारण वजाबाकीत रॉकेटचा वेग उडून जातो. बहुतेकांची चूक होते ती रेट्याच्या सूत्रात रॉकेटचा स्वतःचा वेग घालण्यात. रेटा तोच राहतो, वस्तुमान मात्र घटत जातं. सुरुवातीच्या सुमारे १३५ टनांना ६.५ मी/से² त्वरण मिळतं, आणि ज्वलन संपताना ते दुपटीच्या वर गेलेलं असतं.